तीन झोपा झाल्या की पप्पा

घटस्फोटाचं ठरलेलं जोडपं आमच्याकडे समुपदेशनाला येतं तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: लेकरांना सांगायचं कसं? आमचा उलटा प्रश्न असतो की पप्पा गेल्यावर सोमवारी सकाळी शाळेला सोडणार कोण? वाक्यं नंतर बसवता येतात. साडेचार वर्षांच्या पोराला लग्न मोडणं म्हणजे काय ते कळत नाही. रात्री शेजारी कोण झोपणार, डबा कोण भरणार आणि पप्पा परत कधी दिसणार, हे मात्र त्याला पक्कं कळतं. आपण सांगतो ते खरं आहे की नाही हे तो या तीन गोष्टींवरून तपासतो.

एका घरातली पहिली चार-पाच महिन्यांची वाटचाल इथं मांडतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घर जुळे सोलापुरातलं. थोरली आठ वर्षांची, तिसरीत. धाकटा साडेचारचा, बालवाडीत. दोघं एकाच शाळेत. मुलं आईजवळ राहणार आणि वडील सोलापुरातल्याच बाळे भागात त्यांच्या आईच्या घरी जाणार, हे दोघांनी आपसात ठरवलं होतं. घरात मारहाण नव्हती, हे मुद्दाम सांगतो. मारहाण किंवा धाक असेल तिथं ‘दोघांनी मिळून सांगा’ हा सल्ला चालत नाही, तिथं आधी सुरक्षिततेचं बघावं लागतं.

कोर्टाच्या तारखेची वाट बघून मुलांना सांगू, असं या दोघांच्या मनात होतं. हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीचा अर्ज करायचा तर आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल झाल्यावर साधारण सहा महिन्यांचा थांबा असतो, तो काही वेळा कोर्ट माफही करतं. म्हणजे निकालाच्या दीड वर्ष आधीच पप्पा घरातून गेलेले असणार. मुलांच्या दृष्टीनं घटस्फोट होतो तो पप्पांची बॅग दाराबाहेर जाते त्या दिवशी. त्यामुळे सांगायचं ते त्या दिवसाच्या आधी. किती आधी? एवढ्या लहान मुलांना एक आठवडा पुरतो. महिनाभर आधी सांगितलं तर धाकटा रोज सकाळी उठून बघतो, पप्पा गेले का. आदल्या रात्री सांगितलं तर थोरलीला वाटतं, आपल्यापासून लपवून ठेवलं.

वार निवडला रविवार, डिसेंबरातला पहिला, सकाळी दहाची वेळ. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून तो बाद. रात्री सांगायचं नाही, कारण ऐकलेलं घेऊन मूल अंथरुणात एकटं पडतं. सकाळी सांगितलं की प्रश्न विचारायला अख्खा दिवस असतो आणि आईवडील दोघंही घरात असतात.

मग शब्द. मराठीत या गोष्टीला जे शब्द आहेत ते एकजात मोडतोडीचे आहेत. घटस्फोटात स्फोट आहे, आणि ‘काय फुटलं?’ असं विचारणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. काडीमोडमध्ये मोडणं आहे. सोडचिठ्ठी तर सगळ्यांत वाईट, कारण त्यात सोडणं ऐकू येतं आणि मूल पुढचा हिशेब करतं: मम्मीला सोडलं, आता माझा नंबर. म्हणून लहानांशी बोलताना आम्ही सरळ ‘डायव्होर्स’ म्हणायला सांगतो. तो शब्द मुलाला कोरा असतो, त्यात आपण सांगू तेवढाच अर्थ बसतो. आणि शब्द सांगून ठेवायलाच हवा, थोरलीला तर नक्कीच, नाहीतर रिक्षात शेजारी बसणारी मुलगी तो आधी सांगते.

दोघांनी घरून लिहून आणलेला पहिला मसुदा असा होता: ‘आमची सारखी भांडणं होतात, आता आमचं एकमेकांवर प्रेम राहिलं नाही, म्हणून पप्पा दुसऱ्या घरी जाणार.’ प्रामाणिक होता, पण तिन्ही तुकड्यांत खाच होती. हा धाकटा बहिणीशी दिवसातून दहा वेळा भांडतो, मग घरातून जायची पाळी त्याची का नाही? प्रेम संपतं म्हणे, मग मम्मीचं माझ्यावरचं कधी संपणार? आणि ‘दुसरं घर’. दोनच वर्षांपूर्वी याचे आजोबा ‘देवाघरी’ गेले होते. ते काही परत आले नव्हते.

शेवटी पाच-सहा वाक्यं ठरली. ‘मम्मी आणि पप्पा आता एका घरात राहणार नाहीत. आम्ही खूप प्रयत्न केला, पण आमचं जमलं नाही. याला डायव्होर्स म्हणतात. पुढच्या रविवारपासून मी बाळ्याला आजीकडं राहणार, आणि दर बुधवारी व शनिवारी तुम्हाला शाळेतून न्यायला येणार. तुम्ही इथंच राहणार, याच शाळेत, याच पलंगावर. हे तुमच्यामुळं झालेलं नाही, आणि तुम्ही कितीही शहाण्यासारखं वागलात तरी ते बदलणार नाही.’ शेवटचं वाक्य आईला कठोर वाटलं, काढून टाकू म्हणाल्या. आम्ही हट्टानं ठेवलं. ‘तुमच्यामुळं नाही’ एवढंच सांगून भागत नाही, कारण मूल मग दुरुस्तीच्या मागं लागतं: दूध सांडलं नाही, अभ्यास वेळेवर केला, तर पप्पा राहतील. तो दरवाजा आधीच बंद केलेला बरा.

जाण्याचं वाक्य वडिलांनीच म्हणायचं, हेही ठरवून घेतलं. ते आईच्या तोंडून आलं की मुलांच्या लेखी तिनं त्यांना घालवलेलं असतं. ‘पप्पा कामासाठी पुण्याला गेलेत’ हा पर्याय वडिलांच्या भावानं सुचवला होता, आणि तो सोलापुरात फार चालतो, कारण इथल्या कितीतरी घरांतला बाप खरोखरच पुण्याला असतो. पण पुण्याला गेलेला बाप दिवाळीला घरी येतो. हा येणार नव्हता.

सांगायला सात-आठ मिनिटं लागली. थोरली गप्प बसली आणि मग तिनं एकच विचारलं: ‘गॅदरिंगला कोण येणार?’ नाच महिनाअखेरीला होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, कारण हे ठरवलेलंच नव्हतं. वडील म्हणाले, ‘दोघंही येणार, वेगवेगळे बसणार.’ उत्तर चांगलं होतं. धाकट्यानं ‘आज पोहे का उप्पीट?’ विचारलं आणि तो गाडी घेऊन गॅलरीत पळाला. संध्याकाळी आईचा फोन आला, याला काहीच वाटलं नाही हो. वाटलेलं असतं. या वयाची मुलं असली गोष्ट घोटाघोटानं पितात. बुधवारी रात्री दात घासताना त्यानं विचारलं, ‘पप्पा आजीकडं कशाला जाणार?’ त्यानंतर आठवडाभर रोज दोन-तीनदा. दर वेळी उत्तर तेच, त्याच शब्दांत द्यायचं. माहिती मिळावी म्हणून मूल तेच तेच विचारत नाही, उत्तर बदललंय का ते बघतं. आईनं एकदा वैतागून ‘किती वेळा सांगू?’ म्हटलं, त्या दिवशी तो पाच वेळा जास्त विचारत बसला.

त्याच आठवड्यात गुरुवारी वडील दोघांना बाळ्याला घेऊन गेले. राहायला नाही, नुसतं बघायला. संडास कुठं, रात्री दिवा कुठला चालू राहणार, आपण कुठं झोपणार. धाकट्यानं स्वतःचा टॉवेल खिळ्याला अडकवून ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘आजीचं घर’ आणि ‘देवाघर’ यांतला फरक पटत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आता दिनक्रम. आईवडिलांना आम्ही एक काम दिलं होतं: दोनशे पानी वहीत मधोमध रेघ मारायची आणि मूल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय होतं ते लिहून, ते कोण करतं ते पुढं मांडायचं. चार दिवस. बहुतेक कामं आईच्या रकान्यात पडली, डबा, आंघोळ, अभ्यास, जेवण. वडिलांच्या रकान्यात मोजून दोन: सकाळी सव्वासातला स्कूटरवरून शाळेला सोडणं आणि रात्री नऊला चादरीत घेऊन गोष्ट सांगणं. दोनच असली तरी दिवस उघडतो आणि मिटतो तो त्याच दोन कामांवर. हे वहीत उतरलं नसतं तर आईनं डबा सांभाळला असता आणि पोरगा सकाळ-संध्याकाळ का रडतो हे कुणाला कळलं नसतं.

सकाळसाठी वडील म्हणाले, मी रोज येऊन सोडतो. ऐकायला छान. दोन आठवडे चाललं. पण दारात रोज दोघांची गाठ पडायची, ‘काल याला खोकला होता, सांगितलं का नाही’ सुरू व्हायचं, आणि वडील जिना चढून आले की धाकटा बूट काढून टाकायचा. तेव्हा सकाळ रिक्षावाल्या काकांकडं दिली. थोरली आधीपासून त्यांच्या ओळखीची होती, त्यामुळं धाकटा दोन दिवसांत रुळला. वडिलांचं घेणं शाळेच्या फाटकावर हलवलं, बुधवारी शाळा सुटताना आणि शनिवारी सकाळची शाळा सुटताना. शाळेत मूल तसंही एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातंच, त्यात कुणी कुणाला सोडून जात नाही. मुख्याध्यापिकांना दोघांच्या सहीचं पत्र दिलं: कुणी कोणत्या वारी न्यायचं, फोन कुणाला करायचा. वर्गशिक्षिकेला तोंडी एवढंच सांगितलं की घरात बदल होतोय, मुलं मलूल दिसली तर कळवा. कारणं सांगितली नाहीत. ती शिक्षकखोलीत फिरतात.

रात्रीची गोष्ट आईनं सांगायला घेतली, पण वडिलांची गोष्ट नाही. त्यांची वाघाची गोष्ट बाळ्यालाच राहिली. व्हिडिओ कॉल सव्वाआठला ठेवला, जेवणाआधी, पाच मिनिटं. पहिल्या आठवड्यात तो झोपताना करत होते आणि फोन बंद झाला की अर्धा तास रडारड. आधी कॉल, मग जेवण, दात, गोष्ट, चादर, असा क्रम केल्यावर मध्ये पुरेसं अंतर पडलं.

चादरीचं सांगायलाच हवं. सोलापुरात मुलाची चादर म्हणजे थंडीची वस्तू नव्हे, ती त्याची असते. आजीनं हौसेनं तशीच, त्याच रंगाची नवी आणून ठेवली. त्यानं पहिल्या रात्री ती पायानं ढकलली. डिझाइन तेच होतं, वास नव्हता. मग जुनी चादर पिशवीतून ये-जा करू लागली, आणि तिच्या धुण्याचा वार मंगळवार ठरला, म्हणजे शनिवारपर्यंत ती परत त्याची झालेली असते.

या सगळ्याच्या मुळाशी वेळापत्रक आहे आणि ते जमवताना आम्ही बोटांवर हिशेब केला. साडेचार वर्षांच्या मुलाला ‘आठवड्यातून दोनदा’ म्हणजे काहीच कळत नाही. त्याला झोपा मोजता येतात. रविवारी संध्याकाळी पाचला वडील घरी सोडतात. रविवार, सोमवार, मंगळवार या तीन झोपा झाल्या की बुधवार, शाळेतून पप्पा. बुधवारी जेवून आठला परत. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, पुन्हा तीन झोपा, की शनिवार. अंतर दोन्ही बाजूंनी सारखं, आणि आईपासून लांब सलग एकच रात्र. वडिलांना शुक्रवारही हवा होता. पण मग कधी दोन झोपा, कधी तीन असं झालं असतं. पहिले काही महिने आकडा एकच असणं हे एका जादा संध्याकाळीपेक्षा मोलाचं आहे, हे त्यांना पटायला जरा वेळ लागला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईच्या पाकिटातल्या टिकल्या लावल्या, पप्पांच्या वारांना हिरव्या. रोज रात्री एक बोट मिटायचं. थोरलीला बोटांची गरज नव्हती, तिला तारखा हव्या होत्या. जानेवारीचं पान तिनं स्वतः भरलं.

एवढी वही लिहूनही एक गोष्ट निसटली. नळाला पाणी रोज येत नव्हतं, चार-पाच दिवसांआड यायचं, आणि त्या घराकडं ते पहाटे यायचं. वही चार दिवसांची. पाण्याचा दिवस तिच्यात पडलाच नाही. वडील गेल्यावरच्या पहिल्या पाण्याला आई साडेचारला उठल्या, आवाजानं धाकटा जागा झाला आणि मोटार लावायच्या पाईपजवळ जाऊन बसला. ‘पप्पा लावतात,’ म्हणाला आणि कुणालाही हात लावू देईना. फोननंतरची रडारड सोडली तर शांत असलेलं पोर त्या पहाटे पहिल्यांदा फुटून रडलं. म्हणून आता वही आठवडाभर लिहायला सांगतो आणि विचारतो: चार दिवसांनी, महिन्यानं, सणाला काय काय होतं? आईनं मोटार लावायला शिकून घेतली आणि धाकट्याला छोटी कळशी दिली, नळाखालची पहिली कळशी त्याची. पाण्याच्या दिवसाला टिकली मात्र लावू नका म्हटलं. पाण्याची वेळ पुढं-मागं होते, आणि कॅलेंडरवरची एक टिकली खोटी पडली की मूल बाकीच्यांवरही भरवसा ठेवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात धाकटा अंथरूण ओलं करू लागला, जे वर्षापूर्वीच थांबलं होतं. थोरलीचं सोमवारी सकाळी पोट दुखायला लागलं. धाकट्यासाठी गादीवर रबरी कापड आणि ओरडणं बंद, एवढंच. आठ आठवडे धरून चाला, असं आम्ही सांगतो. त्यापुढंही कमी होत नसेल, किंवा मूल खेळणं, खाणं, बोलणं सोडत असेल, तर थांबायचं नाही, बालरोगतज्ज्ञ आणि गरज पडली तर बालमानसतज्ज्ञ. याचं सहाव्या आठवड्यात थांबलं.

थोरलीचं पोट वेगळं होतं. ते वडिलांकडून आल्यावरच दुखायचं. दोन-तीन बैठकांनंतर उलगडलं: बाळ्याच्या आजी रात्री पाय चेपून घेताना म्हणायच्या, ‘तुझ्या आईला सांग की गं, लेकरांच्या तोंडाकडं बघून तरी परत नांदा म्हणून.’ आठ वर्षांची पोर तो निरोप पोटात घेऊन यायची, सांगायची नाही, टाकायचीही नाही. आजी वाईट नव्हत्या. वडिलांनी त्यांना एक वाक्य पाठ करून दिलं, ‘मम्मीचं मम्मी-पप्पा बघतील, तू झोप,’ आणि आईकडच्या मामालाही तेच दिलं, कारण तिकडंही ‘बापानं टाकलं’ सुरू होतंच. थोरलीला दोघांनी वेगवेगळं सांगितलं की निरोप नेणं हे तुझं काम नाही, आमच्याकडं फोन आहेत. तिनं लगेच विचारलं, ‘मग कोर्टात मला विचारतील का, कुणाकडं राहायचं?’ खरं उत्तर दिलं: मुलं समजत्या वयाची असली तर जजसाहेब मुलांचं ऐकून घेऊ शकतात, पण ठरवायचं काम मोठ्यांचं असतं. ‘तुला कोण जास्त आवडतं’ हा प्रश्न घरात कुणीही विचारायचा नाही, गमतीतसुद्धा.

एक चूक आम्हीही होऊ दिली. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आली, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली. दरवर्षी चौघं जायचे. या वर्षी एकदा मिळून जाऊ द्या, मुलांना बरं वाटेल, असं दोघं म्हणाले आणि आम्ही हो म्हटलं. पाळणा झाला, भजी झाली, सगळे हसत परतले. जिन्यात धाकट्यानं वडिलांचं बोट धरलं: ‘आता वर चला.’ त्या रात्री आणि पुढचे चार-पाच दिवस डिसेंबरातलं सगळं पुन्हा सुरू झालं. पहिल्या वर्षात एकत्र सहली नकोत, हे आम्ही तेव्हापासून स्पष्टच सांगतो. गॅदरिंग चालतं, कारण तिथं दोघं वेगवेगळ्या रांगांत बसतात आणि वेगवेगळे निघतात.

एप्रिलमध्ये वडिलांना कंपनीच्या कामासाठी खरोखरच पुण्याला जावं लागलं, एक बुधवार चुकणार होता. रविवारपासून शनिवारपर्यंत सहा झोपा. चार दिवस आधी त्यांनी स्वतः सांगितलं, बुधवारची हिरवी टिकली धाकट्याच्याच हातानं काढली आणि ‘हे ते पुणं नव्हे, मी शनिवारी शाळेच्या फाटकावर असणार’ असं थोरलीलाही सांगितलं. धाकट्यानं एक हात पूर्ण उघडला, मग दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं आणि आईला विचारलं, ‘एवढ्या?’ आई म्हणाल्या, एवढ्या. शुक्रवारी रात्री त्यानं उरलेलं बोट मिटलं, चादर पिशवीत टाकली आणि सकाळी लागेल म्हणून पिशवी उशाशी घेऊन झोपला. मग अर्ध्या तासानं उठून चादर परत बाहेर काढली, थंडी वाजत होती म्हणे. एप्रिलात, सोलापुरात.